कुलूप आहे, पण किल्ली गावाला ठाऊक: ईमेलवर आलेला खाते उतारा

गटाच्या बैठका आटोपून, भाकऱ्या थापून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण बँकेच्या खाते उताऱ्याबद्दल बोलणार आहोत. बँकेत त्याला स्टेटमेंट म्हणतात. पूर्वी तो घ्यायला शाखेत जावं लागायचं, आता तो ईमेलवर येतो. येताना फाइलीला कुलूप लावलेलं असतं, ते पासवर्ड टाकून उघडायचं. हे कुलूप उघडायचं कसं, आणि उघडल्यावर तो कागद सांभाळायचा कसा, ते आमच्या गावात घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या गटात एक काकी आहेत. दोन म्हशी, डेअरीला दूध आणि घरी मसाल्याचं काम. त्यांना मिरची कांडप यंत्र घ्यायचं होतं. कर्ज एका बँकेत मागितलं आणि काकींचं जुनं खातं दुसऱ्या बँकेत. कर्ज देणारे म्हणाले, सहा महिन्यांचा खाते उतारा आणा. आता खात्याची शाखा आमच्या गावापासून २२ किलोमीटरवर. तिथं पासबुक छापायचं यंत्र बंद होतं. दोन खेपा झाल्या, दोन दिवसांचं दूध घालायची पंचाईत झाली. शेवटी शाखेतले साहेब म्हणाले, “काकी, ईमेल द्या, उतारा घरी येईल.”

काकी आमच्याकडे आल्या. “अगं पोरींनो, हे ईमेल म्हणजे माझ्या फोनमध्ये आहे की नाही, तेच मला माहीत नाही.”

फोनमध्ये ईमेल होता. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने तयार करून दिलेला. त्याचा पासवर्ड कुणाला माहीत? त्या मुलाला. आपल्यापैकी कितीजणींचं असंच आहे, जरा आठवून बघा. म्हणून आम्ही उतारा मागवण्याआधी हे काम केलं. ईमेलचा पासवर्ड बदलला, काकींच्या सुनेसमोर नवा टाकला आणि पासवर्ड विसरला तर परत मिळवण्यासाठी दुकानदाराचा मोबाइल नंबर होता, तो काढून काकींचा घातला. हा नंबर बदलायचा राहिला, तर पासवर्ड बदलून उपयोग नाही. ज्याचा नंबर, तो ईमेल पुन्हा आपल्या ताब्यात घेऊ शकतो.

मग बँकेच्या फॉर्मवर ईमेल लिहिला. इथं एक काळजी घ्या. ईमेलच्या पत्त्यात इंग्रजी ओ हे अक्षर आणि शून्य हा आकडा दिसायला सारखे असतात. एल हे अक्षर आणि एक हा आकडासुद्धा तसेच. कारकुनाने ओच्या जागी शून्य वाचलं, तर आपला उतारा एखाद्या परक्या माणसाला जाईल. मोठी लिपी, छोटी लिपी याने ईमेलचा पत्ता बदलत नाही, पण अक्षर बदललं की पत्ता बदलला. त्यामुळे फॉर्म देताना अक्षर एकेक करून वाचून दाखवा, आणि नोंद झाल्यावर त्यांच्या पडद्यावर काय दिसतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा.

नोंद झाली की उतारा मागवायचा. बँकेच्या ॲपमधून मागवता येतो, शाखेतूनही पाठवतात. मागताना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते नीट सांगा. काकींनी ऑक्टोबरमध्ये मागितला, म्हणून १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे पूर्ण सहा महिने मागितले. नुसतं “सहा महिन्यांचा द्या” म्हटलं की कधी कधी मधल्या तारखेपासून सुरू होणारा उतारा येतो आणि कर्जवाले तो परत पाठवतात.

उतारा मागितला आणि तासाभराने काकींचा फोन आला, “काहीच आलं नाही.” आलं होतं. जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात. त्या दाबल्या की यादी उघडते आणि त्यात स्पॅम नावाचा कप्पा दिसतो. नको असलेल्या जाहिराती जिथं जाऊन पडतात, तो हा कप्पा. बँकेचं पत्र त्यात पडलं होतं. वर शोधायची जागा असते, तिथं इंग्रजीत `statement` असं लिहिलं की बहुतेक पत्र समोर येतं. स्पॅममधलं मात्र तो कप्पा उघडूनच बघावं लागतं.

पत्र सापडलं तरी लगेच फाइलीवर बोट ठेवू नका. आधी स्वतःला विचारा, हा उतारा मी मागितला होता का? किंवा बँक दर महिन्याला पाठवते, त्यातलाच आहे का? मागितलाच नसेल आणि पत्रात घाई लावली असेल, म्हणजे “आज उघडा नाहीतर खातं बंद” असलं काही लिहिलं असेल, तर उघडू नका. दुसरं, फाइलीच्या नावाचा शेवट बघा. उताऱ्याच्या फाइलीचा शेवट `.pdf` असा असतो. शेवट `.apk` असेल तर तो कागद नाहीच, ते फोनमध्ये बसणारं ॲप आहे. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाने असली ॲप फिरतात, ती फोनमध्ये बसली की आपले मेसेज दुसऱ्याला वाचता येतात. तिसरं, उताऱ्याची फाइल एकच गोष्ट मागते, फाइलीचा पासवर्ड. एटीएमचा पिन, कार्डावरचा नंबर किंवा ओटीपी ती कधीच मागत नाही. तसं काही मागितलं की समजायचं, हा उतारा नव्हे.

आता पासवर्ड. हा पासवर्ड आपण ठरवलेला नसतो, तो बँकेच्या नियमाने तयार होतो आणि तो नियम बहुतेक वेळा त्याच पत्रात लिहिलेला असतो. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. कुणी मोबाइलचे शेवटचे आकडे आणि जन्मतारीख घेतात, कुणी ग्राहक क्रमांक घेतात, कुणी नावाची अक्षरं. म्हणून शेजारणीचा पासवर्ड कसा होता ते विचारत बसू नका, आपल्या पत्रात काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीला वाचायला सांगा.

काकींच्या पत्रात नियम असा होता: नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मतारीख `DDMM` अशी. यात `DD` म्हणजे दिवस दोन आकड्यांत, `MM` म्हणजे महिना दोन आकड्यांत. कुठं `YYYY` लिहिलं असेल तर ते वर्ष चार आकड्यांत, आणि नुसतं `YY` असेल तर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे.

काकींचं खरं नाव रेडिओवर सांगत नाही. समजा त्यांचं नाव सुनीता आहे. इंग्रजीत `SUNITA`, म्हणजे पहिली चार अक्षरं `SUNI`. सोपं वाटलं ना? पण ही फाइल उघडायला आम्हाला अर्धा तास लागला. का लागला ते सांगतो, कारण तुमचंही तिथंच अडेल.

पहिल्यांदा सुनेने छोट्या लिपीत टाइप केलं. फाइल उघडली नाही. पत्रात मोठी लिपी म्हटलंय, तर मोठीच हवी. दुसऱ्यांदा तिने अक्षरं बरोबर टाकली, पण आकडे मराठी कीबोर्डवरून टाकले. आपल्याला १ दिसतो, पण फोनला मराठी १ आणि इंग्रजी 1 ही दोन वेगळी चिन्हं आहेत. पासवर्डला इंग्रजी आकडेच लागतात. तिसऱ्यांदा कीबोर्डने वर सुचवलेला शब्द तिने दाबला. सुचवलेला शब्द दाबला की फोन त्याच्या मागे एक मोकळी जागा आपणहून सोडतो. ठिपक्यांच्या पासवर्डमध्ये ती जागा दिसत नाही, पण मोजली जाते. म्हणून सुचवलेला शब्द घेऊ नका, एकेक अक्षर स्वतः दाबा. चौकटीच्या कडेला डोळ्याची खूण असेल तर ती दाबा, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतील.

एवढं करूनही फाइल उघडेना. सून आधार कार्ड बघून तारीख टाकत होती. काकींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. त्यांना दिवस-महिना माहीत नव्हता, नुसतं वर्ष सांगितलं होतं. म्हणून तिने टाकलं `SUNI0101`. आता मैत्रिणींनो, आपल्या आया-काक्यांच्या जन्मतारखांची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या वर्गाची तारीख १ जून लावून टाकलेली असायची. काकी चौथीपर्यंत शिकल्या, त्यांच्या दाखल्यावर १ जून आहे. आणि त्यांचं बँकेतलं खातं २००८ सालचं. आधार कार्ड २०१० मध्ये सुरू झालं, म्हणजे खातं उघडलं तेव्हा आधार नव्हतंच. तेव्हा शाळेच्या दाखल्याची तारीख लागली असणार, असा आम्ही अंदाज केला. टाकलं `SUNI0106`, आणि फाइल उघडली.

बँकेच्या दप्तरात जी तारीख आणि जसं नाव आहे, तेच पासवर्डला चालतं. खरा वाढदिवस कोणता, आधारवर काय आहे, याच्याशी फाइलीला देणंघेणं नाही. नावाचंही तसंच. लग्नानंतर नाव बदललं पण बँकेत माहेरचंच राहिलं, तर माहेरच्या नावाची अक्षरं लागतील. पासबुकाच्या पहिल्या पानावर इंग्रजीत नाव कसं छापलंय ते बघा. त्यावरूनही जमलं नाही, तर शाखेत जाऊन विचारा, “माझी जन्मतारीख तुमच्याकडे कोणती लिहिली आहे?” आणि दोन कागदांवर दोन तारखा असतील, तर त्याच खेपेला आधारप्रमाणे दुरुस्तीचा अर्जही देऊन या. पुढच्या कामांत अडणार नाही.

चुकीचा पासवर्ड पडला म्हणून घाबरू नका. एटीएममध्ये चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला की कार्ड अडकतं, तसं या फाइलीचं होत नाही. दहादा चुकला तरी फाइल तशीच राहते, अकराव्यांदा टाकता येतो.

पण मैत्रिणींनो, याची दुसरी बाजू बघा. आपल्याला कितीही वेळा टाकून बघता येतो, तर दुसऱ्यालाही येतो. काकींचं नाव सगळ्या गावाला माहीत आहे. उरला दिवस आणि महिना. वर्षात दिवस किती? लीप वर्षात ३६६. म्हणजे ज्याच्या हातात ती फाइल आहे, त्याने जास्तीत जास्त ३६६ वेळा टाकून बघायचं. संगणकाला ते क्षणाचं काम. आणि ज्याच्याकडे काकींच्या कागदांच्या झेरॉक्स आहेत, त्याला दोन-तीन वेळाच टाकून बघावं लागेल. आपण आधारची झेरॉक्स रेशन दुकानापासून गॅस एजन्सीपर्यंत कुठं कुठं दिली, ते मोजता तरी येतं का? म्हणून हे कुलूप म्हणजे दाराला घातलेली साधी कडी समजा. वाऱ्याने दार उघडू नये एवढाच तिचा उपयोग. चोराला ती अडवत नाही. फाइल सांभाळायची ती कुलूपच नाही असं समजून.

हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे काय झालं ते ऐका.

फाइल उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. काकींच्या मुलाने तालुक्याला जाऊन एका दुकानात उतारा छापून घेतला आणि कर्जाची कागदपत्रं बघणाऱ्या एका ओळखीच्या माणसालाही व्हॉट्सॲपवर पाठवला. चार दिवसांनी काकींना फोन आला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. “काकी, बँकेतून बोलतोय. १० सप्टेंबरला तुमच्या खात्यात डेअरीचे ३,२४० रुपये जमा झाले ना? १८ तारखेला तुम्ही २,००० काढलेत. तुमच्या कर्जाची फाइल एका नंबरासाठी थांबली आहे. आता मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा सांगा.”

काकी हुशार बाई आहेत. ओटीपी कुणाला सांगू नये हे त्यांनी आमच्याच बैठकीत दहादा ऐकलं होतं. पण दुधाचे पैसे तारखेसकट सांगणारा माणूस बँकेचा नाही, हे त्यांच्या मनात येईना. त्या सांगायला लागल्याच होत्या. सुनेने मेसेज वाचला. त्यात लिहिलं होतं की हा नंबर २४,५०० रुपये खात्यातून जाण्यासाठी आहे. तिने सासूबाईंच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. पैसे वाचले. दोन म्हशींच्या दुधाचे कितीतरी महिन्यांचे पैसे होते ते.

नुसत्या खाते क्रमांकावरून कुणी आपले पैसे काढू शकत नाही, हे खरं आहे. पण उताऱ्यात खाते क्रमांक असतो, नाव-पत्ता असतो, आणि कोणत्या तारखेला कुठून किती आले, कुठं किती गेले, ते सगळं असतं. ते वाचून दाखवलं की ऐकणाऱ्या बाईचा विश्वास बसतो. ठकाला आपला विश्वासच हवा असतो, ओटीपी मग आपणच देतो. म्हणून पक्कं लक्षात ठेवा: फोनवरच्या माणसाला तुमच्या खात्याची माहिती आहे, म्हणजे तो बँकेचा आहे असं नाही. त्याने उतारा पाहिला आहे, एवढंच त्यावरून कळतं.

उतारा नेमका कुठून फुटला, हे सिद्ध झालं नाही. आम्हाला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण आम्ही बसून मोजलं, तेव्हा तो कागद तीन ठिकाणी पडून असल्याचं दिसलं. त्या तीन जागा तुमच्याही असतील, म्हणून एकेक सांगतो.

पहिली जागा छपाईच्या दुकानातला संगणक. आपण व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो, दुकानदार ती उतरवून घेतो आणि छापतो. उतरवलेली फाइल संगणकात डाउनलोड्स नावाच्या कप्प्यात बसते. आपण घरी येऊन व्हॉट्सॲपवरून ती पुसली, तरी त्या कप्प्यातली प्रत पुसली जात नाही. काकींची फाइल तिथं होती, आणि तीही कुलूप काढलेली. कारण संगणकावर फाइल उघडून “पीडीएफ म्हणून छापा” असं केलं की नवी, बिनकुलुपाची प्रत तयार होते. दुकानदाराने वाईट हेतूने केलं असं नाही, छापायला सोपं पडतं म्हणून तो करतो. तेव्हा छापून घेताना फाइल कुलूपबंदच पाठवा, पासवर्ड तिथं उभं राहून स्वतः टाका, कागदावर लिहून देऊ नका. छापून झालं की म्हणा, “दादा, फाइल पुसा, आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसा.” संगणकात पुसलेली फाइल आधी रिसायकल बिन नावाच्या टोपलीत जाते, तिथून काढली तरच ती गेली. हे सांगायला लाजू नका. पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि बघा. बिघडलेली, अर्धवट छापलेली पानंही उचलून घरी आणा.

दुसरी जागा म्हणजे ज्यांना आपण फाइल पाठवली त्यांचे फोन. काकींच्या मुलाने बँकेचं पूर्ण पत्रच पुढे पाठवलं होतं. त्या पत्रात फाइलही होती आणि पासवर्ड कसा तयार होतो तो नियमही. म्हणजे कुलूप आणि किल्लीचा पत्ता एकाच पाकिटात. कुणाला उतारा द्यायचाच असेल, तर नुसती फाइल पाठवा, आणि पासवर्ड त्या माणसाला फोन करून तोंडी सांगा. आणि मुळात मध्यस्थाला देऊच नका. कर्ज ज्या बँकेतून घ्यायचं, तिथल्या अधिकाऱ्यालाच छापील प्रत द्या. आधी विचारून घ्या, साधी प्रत चालते की शाखेचा शिक्का हवा, म्हणजे दोनदा छापावं लागणार नाही. प्रत्येक पानावर पेनाने आडवं लिहा, “फक्त कर्ज अर्जासाठी”, पुढे तारीख आणि सही. असा कागद दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं. आणि एखाद्या योजनेसाठी फक्त खाते क्रमांकाचा पुरावा हवा असेल, तर उतारा देऊच नका. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पुरते का, ते विचारा. नाव आणि खाते क्रमांक दाखवायला सहा महिन्यांचे व्यवहार उघडे करायची गरज नसते.

काही वेळा ऑनलाइन अर्जात कुलुपाची फाइल घेतच नाहीत. तेव्हा बिनकुलुपाची प्रत लागते. ती आपल्याच फोनवर करा. फाइल पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट दाबा, आणि प्रिंटरच्या जागी पीडीएफ म्हणून जतन करा असं निवडा. काही फाइलींत बँकेने हे बंद ठेवलेलं असतं, तेव्हा शाखेतच सांगावं लागतं. अर्ज भरून झाला की ती प्रत पुसून टाका. इंटरनेटवर “फुकट कुलूप काढून मिळेल” अशा जागा दिसतात, तिथं मात्र उतारा टाकू नका. कुलूप निघतं, पण त्यासाठी आपली फाइल कुणा अनोळखी माणसाच्या संगणकावर गेलेली असते.

तिसरी जागा आपला स्वतःचा फोन आणि घर. उतारा उघडला की तोही फोनच्या डाउनलोड्स कप्प्यात जाऊन बसतो. फोन मुलं खेळायला घेतात, दुरुस्तीला जातो, एक्स्चेंजमध्ये जातो. आम्ही काकींच्या फोनमध्ये काय केलं ते सांगतो. फाइलीचं नाव बदललं, `utara-apr-sep` असं ठेवलं, म्हणजे शोधायला सोपं. मग फाइल्स नावाच्या ॲपमध्ये सेफ फोल्डर असतो, त्यात ती हलवली. त्याला वेगळा पिन लागतो. हा पिन जन्मतारखेचा ठेवू नका, नाहीतर पुन्हा तीच कडी. आणि विसरू नका, कारण तो पिन विसरला तर आतल्या फाइली परत मिळत नाहीत. उताऱ्याचं त्यातून फार अडत नाही, कारण बँकेचं मूळ पत्र ईमेलमध्ये असतं आणि बँकेकडून पुन्हाही मागवता येतो. पण म्हणूनच ईमेलचा पासवर्ड फक्त आपल्याकडे हवा. फोन विकायला किंवा बदलायला काढाल तेव्हा त्यातून ईमेल काढून टाका आणि फोन पूर्ण कोरा करा.

घरातल्या कागदाचंही ऐका. काम झालेला उतारा रद्दीत टाकू नका. आपण बाजारात भेळ घेतो, तो पुडा कधी उलगडून बघा, कुणाच्या तरी नावाचा कागद असतो. जुने उतारे चुलीत घाला. घरी गॅस असेल तर नाव आणि खाते क्रमांकाची जागा बारीक फाडा.

आता गटाच्या खात्याबद्दल थोडं. गटाचा उतारा सगळ्यांना दिसलाच पाहिजे, तो सगळ्यांचा हक्क आहे. पण म्हणून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दहा जणींचे दहा फोन, म्हणजे दहा ठिकाणी प्रत. मासिक बैठकीत छापील उतारा वाचून दाखवा, किती जमा, किती खर्च, शिल्लक किती, ते इतिवृत्तात लिहा, आणि कागद गटाच्या दप्तरात ठेवा. गटाचा ईमेल गटाच्या नावाने असू द्या. अध्यक्ष किंवा सचिव बदलल्या की त्याच बैठकीत त्याचा पासवर्ड बदला आणि बँकेतला मोबाइल नंबरही बदलून घ्या.

शेवटी, एवढं सांभाळूनही कुणाला ओटीपी सांगितला गेला आणि पैसे गेले, तर रडत बसू नका, त्याच क्षणी १९३० या नंबरावर फोन करा. तो फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. सोबत आपल्या बँकेलाही कळवा आणि कार्ड बंद करायला सांगा.

काकींचं काय झालं विचाराल. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शाखेत जाऊन कार्ड बंद केलं, नवं घेतलं आणि जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्जही दिला. कर्ज मंजूर झालं. कांडप यंत्र पडवीत बसलंय, संध्याकाळी त्याचा आवाज आमच्या बैठकीपर्यंत ऐकू येतो. परवा त्यांना पुन्हा असाच एक फोन आला. पलीकडच्याने दुधाच्या पैशांची तारीख सांगितली. काकी म्हणाल्या, “बाबा, तारीख मलाही माहीत आहे,” आणि फोन ठेवला.

मैत्रिणींनो, तुमच्याही फोनमधला डाउनलोड्स कप्पा उद्या उघडून बघा. काय काय पडलंय ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. येतो आम्ही. नमस्कार.